नऊ दिवसांत कायदा, सत्तावीस महिन्यांनी नियम: एका विधेयकातली अधिकार सोपवणारी कलमं

एखाद्या कंपनीच्या सर्व्हरमधून तुमची माहिती फुटली, तर कंपनीने ते किती वेळात कळवायचं? याचं उत्तर 'डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३' मध्ये शोधायला बसलात तर सापडणार नाही. कळवलं नाही तर दंड किती, हे त्यात आहे: २०० कोटी रुपयांपर्यंत. पण मुदतीचा आकडा ४४ कलमांत कुठेही नाही. कलम ८(६) एवढंच सांगतं की डेटा हाताळणाऱ्या संस्थेने या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्यांची माहिती फुटली त्या प्रत्येकाला, 'विहित करण्यात येईल अशा नमुन्यात व अशा रीतीने', म्हणजे पुढे नियम सांगतील तसं, ते कळवावं.

'बहात्तर तास' हा आकडा आला नोव्हेंबर २०२५ मध्ये, नियमांतून. म्हणजे दंड संसदेने ठरवला आणि ज्या मुदतीवरून तो लागणार ती केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने. यात बेकायदा काही नाही. संसदेनेच तसा अधिकार दिला होता. प्रश्न एवढाच, की ऑगस्ट २०२३ मध्ये विधेयक हातात आलं तेव्हा हे ओळखता आलं असतं का. आलं असतं, आणि फार कष्ट न घेता. ते कसं, हे याच विधेयकावर दाखवतो.

विधेयकाचा प्रवास

३ ऑगस्ट २०२३ ला विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. ७ ऑगस्टला ते तिथे आवाजी मतदानाने मंजूर झालं, ९ ऑगस्टला राज्यसभेने मंजूर केलं, ११ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळून ते २०२३ चा अधिनियम क्रमांक २२ झालं. मांडणीचा दिवस धरून नऊ दिवस. विधेयक म्हणून ते कोणत्याही संसदीय समितीकडे पाठवलं गेलं नाही.

अधिकार सोपवणाऱ्या तरतुदींकडे सभागृहाचं लक्ष जावं म्हणून या प्रवासात एक टप्पा मुद्दाम ठेवलेला आहे. लोकसभेच्या कार्यपद्धतीचा नियम ७० सांगतो की कायदे करण्याचा अधिकार सोपवणाऱ्या विधेयकासोबत एक ज्ञापन जोडलं पाहिजे. त्यात असे प्रस्ताव कोणते, त्यांची व्याप्ती काय, आणि ते सर्वसाधारण स्वरूपाचे आहेत की अपवादात्मक, हे सांगायचं असतं. छापील विधेयकात ते कलमं संपल्यावर, उद्देश व कारणे आणि वित्तीय ज्ञापन यांच्या पाठोपाठ येतं. बहुतेक वाचक तोवर वाचन थांबवून बसलेले असतात. मी उलटं करतो: विधेयक मागून उघडतो आणि आधी हे ज्ञापन वाचतो.

त्याचं एक कारण अगदी व्यावहारिक आहे. विधेयकाचा अधिनियम होऊन तो राजपत्रात छापला जातो तेव्हा उद्देश व कारणे गळतात, ज्ञापनही गळतं. अधिनियमाच्या प्रतीत ते शोधून मिळत नाही. म्हणून अधिकार सोपवण्याबद्दल सरकार स्वतः काय म्हणालं होतं ते वाचायचं, तर मांडलेल्या विधेयकाची मूळ प्रतच काढावी लागते. आणखी एक फरक लक्षात ठेवावा. इंग्रजी प्रतीत विधेयकातल्या तरतुदीला 'क्लॉज' म्हणतात आणि अधिनियमात तिचंच 'सेक्शन' होतं. मराठीत मसुद्यात खंड आणि कायद्यात कलम, असं म्हणायची पद्धत आहे. सभागृहात दुरुस्ती सुचते ती खंडाला.

ती दुरुस्ती सुचवण्याची जागा म्हणजे खंडवार विचाराचा टप्पा. सर्वसाधारण चर्चा संपली की एकेक खंड किंवा खंडांचा गट मतास टाकला जातो. खंड १, अधिनियमन सूत्र आणि विधेयकाचं नाव शेवटी घेतात. 'अधिसूचनेद्वारे' हा शब्द काढून तिथे 'विहित केल्याप्रमाणे' घाला, किंवा अमुक अधिसूचनाही सभागृहापुढे ठेवायला लावा, असं सांगण्याची संधी इथेच. सभासदाला वेळेत दुरुस्तीची सूचना द्यावी लागते, आणि ती द्यायची तर आधी ती जागा सापडलेली असावी लागते.

ज्ञापनावर पूर्ण भिस्त मात्र ठेवू नये. जवळपास प्रत्येक विधेयकातलं ज्ञापन एकाच वाक्यावर संपतं: हे विषय कार्यपद्धतीचे व प्रशासकीय तपशिलाचे असून अधिकार सोपवणं सर्वसाधारण स्वरूपाचं आहे. एवढं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य खरं की खोटं, हे खंडांत शिरल्याशिवाय कळत नाही.

शब्दांचा माग

अधिकार सोपवणारी तरतूद ठरावीक शब्दांत बोलते. पहिला प्रकार 'विहित'. व्याख्यांच्या कलमात त्याचा अर्थ दिलेला असतो: या अधिनियमाखालच्या नियमांनी विहित केलेलं. दुसरा 'अधिसूचनेद्वारे', म्हणजे राजपत्रात छापलेला सरकारी निर्णय. तिसरा 'आदेशाद्वारे'. मी आधी इंग्रजी प्रतीचा मजकूर साधा करून घेतो आणि मग या शब्दांची इंग्रजी रूपं शोधतो:

```
pdftotext -layout bill.pdf bill.txt
grep -n -i -E "prescri|notif|order|appoint" bill.txt
```

पूर्ण वाक्प्रचार शोधू नका. विधेयकाच्या छपाईत ओळी मध्येच तुटतात. अर्धा वाक्प्रचार एका ओळीत आणि अर्धा पुढच्या ओळीत गेला, की `grep` तो सोडून देतो. शब्दाचा नुसता मुळाचा भाग शोधला की निसटत नाही. बदल्यात थोडा कचराही येतो, जसं सदस्यांच्या नेमणुकीचा 'नियुक्त'. तो हाताने निवडून टाकायचा.

यातून जे हाती येतं त्यात दोन ढीग पडतात, आणि सगळं मर्म या ढिगांच्या फरकात आहे.

पहिला ढीग 'विहित'चा. यातल्या तरतुदी कलम ४० मध्ये पुन्हा भेटतात. कलम ४०(१) केंद्र सरकारला नियम करण्याचा सर्वसाधारण अधिकार देतं आणि ४०(२) मध्ये विषयांची यादी आहे. ती इंग्रजी वर्णमालेच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत जाते, म्हणजे २६ बाबी. नोटीस कशी द्यायची, मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळता येणारी संमती कशी घ्यायची, डेटाफुटीची खबर कशी द्यायची, हे सगळं तिथे आहे. शेवटची बाब सगळ्यांना सामावणारी: नियमांनी ठरवायची 'इतर कोणतीही बाब'.

कलम ४०(१) मध्ये दोन कुंपणं आहेत. नियम अधिनियमाशी विसंगत नसावेत, आणि ते 'पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीस अधीन' राहून करावेत. या दुसऱ्या कुंपणामुळे सरकारला आधी मसुदा छापून हरकती मागवाव्या लागतात. नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ ला लोकांपुढे आला तो याचमुळे. विधेयक वाचताना हे शब्द आहेत की नाहीत, एवढं पाहिलं तरी पुढे आपल्याला बोलायची संधी मिळणार का, हे कळतं.

दुसरा ढीग 'अधिसूचनेद्वारे'चा. हा ४०(२) च्या यादीत येत नाही, त्यामुळे जो फक्त नियम करण्याचं कलम वाचतो त्याच्या नजरेतून तो सुटतो. आणि नेमका याच ढिगात मोठा माल आहे. कायदा कधी सुरू होणार हे कलम १(२) मध्ये, कोणत्या देशात डेटा पाठवायला मनाई हे कलम १६ मध्ये, कोणत्या सरकारी यंत्रणेला सूट हे १७(२) मध्ये, कोणत्या खासगी संस्थांना काही कलमांतून सवलत हे १७(३) मध्ये.

कलम १७(५), जवळून

या ढिगातलं एक कलम पूर्ण वाचण्याजोगं आहे. मूळ इंग्रजीतलं वाक्य मराठीत साधारण असं होईल: 'केंद्र सरकारला, या अधिनियमाच्या प्रारंभापासून पाच वर्षे संपण्यापूर्वी, अधिसूचनेद्वारे असे घोषित करता येईल की, या अधिनियमाची कोणतीही तरतूद, अधिसूचनेत नमूद करण्यात येईल अशा कालावधीसाठी, अशा डेटा हाताळणाऱ्या संस्थेस किंवा संस्थांच्या वर्गास लागू असणार नाही.'

अशा वाक्याला मी चार प्रश्न विचारतो. अधिकार कोणाला? केंद्र सरकारला, मंडळाला नाही. कोणत्या साधनाने? अधिसूचनेने, म्हणजे पूर्वप्रसिद्धीची शर्त इथे नाही. कुंपण कोणतं? शेजारच्या १७(२) मध्ये निदान कारणं मोजून दिली आहेत: सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे. १७(३) मध्ये डेटाचं प्रमाण आणि स्वरूप पाहायला सांगितलं आहे. १७(५) मध्ये कारण नाही, निकष नाही, 'कोणतीही तरतूद' आहे. कुंपण एकच, पाच वर्षांचं. चौथा प्रश्न: हे संसदेपुढे येतं का?

त्याचं उत्तर कलम ४१ मध्ये. प्रत्येक नियम, आणि कलम १६ व कलम ४२ खाली काढलेली प्रत्येक अधिसूचना, संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी, असं ते सांगतं. कलम १६ आणि ४२. सतराचा उल्लेख नाही. परदेशात डेटा पाठवण्यावर बंदी घालणारी अधिसूचना सभागृहात येणार, पण एखाद्या संस्थेला पूर्ण कायद्यातून सूट देणारी अधिसूचना सभागृहापुढे ठेवण्याचं बंधन या कलमाने घातलेलं नाही. ती राजपत्रात छापली जाईल एवढंच. माझ्या मते या विधेयकातली खंडवार टप्प्यावर दुरुस्ती सुचवण्याजोगी सगळ्यात ठळक जागा हीच होती: कलम ४१ मध्ये फक्त एक आकडा वाढवायचा होता.

पाच वर्षांच्या कुंपणातही एक गंमत आहे. ही पाच वर्षं कधीपासून मोजायची? कलम १(२) वेगवेगळ्या तरतुदींना वेगवेगळे दिवस नेमू देतं, आणि त्याच कलमाप्रमाणे एखाद्या तरतुदीत 'अधिनियमाचा प्रारंभ' असं म्हटलं असेल तर त्याचा अर्थ ती तरतूद सुरू होण्याचा दिवस. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेने मंडळ आणि नियम करण्याचे अधिकार यांची कलमं लगेच लागू केली, तर कलम १७ सह बहुतेक मुख्य कलमांना १८ महिन्यांची मुदत दिली. म्हणजे त्या अधिसूचनेनुसार १७(५) चं घड्याळ मे २०२७ ला सुरू होऊन मे २०३२ पर्यंत चालणार. २०२३ मध्ये विधेयक वाचणाऱ्याने 'पाच वर्षं' म्हणजे २०२८ असा हिशेब केला असेल तर तो चार वर्षांनी चुकला. प्रारंभाच्या कलमाकडे औपचारिकता म्हणून पाहण्याची सवय अशी अंगाशी येते.

परिशिष्टाला हात घालणारा अधिकार

इंग्रजी कायद्याच्या जगात 'हेन्री आठवा कलम' नावाचा एक प्रकार आहे. ज्या कलमाने कार्यकारी सत्तेला खुद्द अधिनियमाचा मजकूर बदलता येतो, ते. कलम ४२ त्याच कुळातलं आहे. दंडाचं परिशिष्ट अधिसूचनेने दुरुस्त करता येईल, मात्र कोणताही दंड अधिनियम मुळात संमत झाला तेव्हाच्या रकमेच्या दुपटीहून जास्त होता कामा नये, असं ते म्हणतं.

सुरक्षेचे वाजवी उपाय न केल्याचा कमाल दंड २५० कोटी. म्हणजे तो अधिसूचनेने ५०० कोटींपर्यंत नेता येतो, त्यापुढे नाही. 'मुळात संमत झाला तेव्हा' हे शब्द नीट बघा. ते नसते तर आज दुप्पट, पुढच्या वर्षी त्याची दुप्पट, अशी शिडी चढता आली असती. मसुदाकाराने ती वाट बंद केली. पण कुंपण एकाच बाजूला आहे. वाढवण्याला मर्यादा आहे, कमी करण्याला या कलमात कोणतीच नाही.

त्याच्यालगतचं कलम ४३ अडचणी दूर करण्याचं. हे जवळपास प्रत्येक अधिनियमात असतं म्हणून वाचक त्यावरून पुढे सरकतो, पण त्यातला एक शब्द पाहण्यासारखा आहे. १९६५ च्या बोनस अधिनियमातलं असंच कलम सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये, जालन ट्रेडिंग कंपनीच्या प्रकरणात, रद्द ठरवलं. त्यात सरकारचा आदेश अधिनियमाच्या 'प्रयोजनांशी' विसंगत नसावा एवढीच अट होती आणि तो आदेश अंतिम मानला होता. आजच्या कलम ४३ मध्ये आदेश अधिनियमाच्या 'तरतुदींशी' विसंगत चालत नाही, तो अंतिम असल्याचा उल्लेख नाही, तीन वर्षांनंतर असा आदेश काढता येत नाही, आणि काढला तर तो दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो. प्रयोजनांशी सुसंगत राहून तरतूद मोडता येते. तरतुदींशी सुसंगत राहून ती मोडता येत नाही.

याच्याही मागची मूळ मर्यादा १९५१ च्या दिल्ली लॉज अ‍ॅक्ट प्रकरणातली आहे. विधिमंडळाने धोरण ठरवणं हे आपलं मूळ काम स्वतः करावं, तपशील सोपवावा. कुठे धोरण संपून तपशील सुरू होतो यावर तेव्हापासून वाद चालू आहेत. १७(५) त्या रेषेच्या कोणत्या बाजूला पडतं, हे न्यायालयापुढे गेलं तरच पक्कं कळेल. निकष नसणं हा तिथे पहिला मुद्दा असेल, एवढं सांगता येतं.

शोधात न सापडणारा अधिकार

शब्दांच्या मागावर जाण्याची पद्धत एका ठिकाणी लंगडी पडते. कलम ८(५) म्हणतं, डेटा हाताळणाऱ्या संस्थेने 'सुरक्षेचे वाजवी उपाय' करावेत. यात 'विहित' नाही, 'अधिसूचना' नाही. शोधाच्या यादीत हे कलम दिसणारच नाही, आणि वाचणारा समजतो की वाजवी म्हणजे काय ते पुढे मंडळ किंवा अपील चालवणारी यंत्रणा ठरवील. प्रत्यक्षात नियम ६ ने किमान उपायांची यादीच दिली, त्यात ठरावीक नोंदी वर्षभर सांभाळून ठेवण्याचं बंधनही आलं. याला आधार कलम ४०(१) च्या 'अधिनियमाची प्रयोजने पार पाडण्यासाठी' या व्यापक शब्दांचा आणि ४०(२) च्या शेवटच्या सर्वसमावेशक बाबीचा. म्हणून 'वाजवी', 'योग्य', 'पुरेसे' अशी मोकळी विशेषणं दिसली की मी समासात खूण करतो. सरकारने तिथे नियम केला, तर तो 'प्रयोजने पार पाडणारा' आहे की नवीनच बोजा लादणारा, हा वाद तिथे उभा राहू शकतो.

सभागृहापुढे ठेवल्यावर काय होतं

फार काही होत नाही, असं रोखठोक सांगायला हवं. कलम ४१ चा साचा नेहमीचाच आहे. अधिवेशन चालू असताना एकूण ३० दिवस नियम सभागृहांपुढे राहतो. हे दिवस एका किंवा लागोपाठच्या अधिवेशनांत मिळून भरले तरी चालतात. त्यानंतरचं अधिवेशन संपण्यापूर्वी दोन्ही सभागृहांनी मिळून बदल किंवा रद्दबातल करायचं ठरवलं, तरच नियम बदलतो किंवा जातो. तोवर त्याखाली जे झालं ते कायम राहतं. नियम मंजुरीची वाट पाहत थांबत नाही, ठरलेल्या दिवशी तो लागू होतोच.

खरी तपासणी होते ती प्रत्यायोजित विधिविधानाच्या समितीत. लोकसभेत ती १९५३ पासून आहे. नियम अधिनियमाबाहेर गेला का, पूर्वलक्षी परिणाम दिला का, छापायला किंवा सभागृहापुढे ठेवायला विनाकारण उशीर झाला का, हे ती बघते. कायदा अमलात आल्यापासून सहा महिन्यांत नियम व्हावेत, अशी संसदीय कामकाजातली अपेक्षाही आहे. पण 'अमलात आल्यापासून' या शब्दांची मेख कळायला पुन्हा कलम १(२) कडेच जावं लागतं. ऑगस्ट २०२३ ते नोव्हेंबर २०२५ असे सत्तावीस महिने गेले, आणि या मोजपट्टीने उशीर शून्य भरतो, कारण तोवर कायदा अमलातच आलेला नव्हता.

आता कलम ८(६) कडे परत. नियम ७ सांगतो की डेटाफुटीची माहिती होताच संबंधित व्यक्तींना आणि मंडळाला विनाविलंब कळवावं, आणि मंडळाला सविस्तर तपशील ७२ तासांत द्यावा. विनंती केल्यास मंडळ ही मुदत वाढवू शकतं. म्हणजे संसदेने मंत्रालयाकडे सोपवलेल्या तपशिलाचा एक तुकडा मंत्रालयाने पुढे मंडळाकडे दिला. तो किती लांबवता येतो, हे नियमात पाहिलं तर तिथेही आकडा नाही.